सोनं, तांबं आणि एक सरळ रेषा

१८ कॅरट सोन्यात चोवीस भागांपैकी अठरा भाग सोनं असतं, म्हणजे वजनाने पाऊण हिस्सा. उरलेला पाव हिस्सा हीण म्हणून निव्वळ तांबं घातलं की त्या सोन्याला लालसर झाक येते. सोनाराच्या काट्याला एवढी माहिती पुरते. स्फटिकाला मात्र ती पुरत नाही, कारण स्फटिकाच्या जाळीत जागा अणूला मिळते, ग्रॅमला नाही. सोन्याचा अणुभार १९७, तांब्याचा ६३.५. पंच्याहत्तरला १९७ ने भागलं तर ०.३८१ येतात आणि पंचवीसला ६३.५ ने भागलं तर ०.३९४. म्हणजे त्या तुकड्यातल्या दर शंभर अणूंत सोन्याचे साधारण ४९ आणि तांब्याचे ५१ आहेत. वजनाने पाऊण असलेलं सोनं अणूंच्या मोजणीत निम्म्यावर येतं. हा हिशोब शाळकरी आहे, तरीही तो सुरुवातीलाच मांडतो, कारण पुढे ज्या सरळ रेषेबद्दल बोलायचं आहे ती आडव्या अक्षावर अणुटक्के घेतले तरच उभी राहते.

ती रेषा लार्स वेगार्ड या नॉर्वेजियन भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. पोटॅशियम क्लोराइड आणि पोटॅशियम ब्रोमाइड हे दोन क्षार एकमेकांत कोणत्याही प्रमाणात मिसळतात आणि एकजीव स्फटिक देतात. अशा मिश्रणाला घन द्रावण म्हणतात. त्या स्फटिकांची एककपेशी, म्हणजे जाळीतला पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात लहान घन, किती मोठी आहे हे वेगार्डने क्ष-किरणांनी मोजलं आणि १९२१ मध्ये प्रसिद्ध केलं. क्लोराइडची पेशी ६.२९ अँगस्ट्रॉम, ब्रोमाइडची ६.६०, आणि मधल्या मिश्रणांची बाजू प्रमाणानुसार या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेवर. पुस्तकांत याला 'वेगार्डचा नियम' म्हणतात. माझ्या मते या नावानेच अर्धा घोटाळा केला आहे. नियम म्हटलं की तो मोडणारा गुन्हेगार ठरतो आणि मोडण्याचं एकच कारण शोधलं जातं. मी त्या रेषेला आधाररेषा मानतो. भिंत ओळंब्यातून किती सरकली आहे हे ओळंब्याने कळतं, पण ती का सरकली हे ओळंबा सांगत नाही. विचलनाचा अर्थ लावायचा असेल तर आधी त्यातून एकेक गोष्ट वजा करत जावं लागतं, आणि वजाबाकीचा क्रम चुकला तर शेवटी हाती आलेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

सोनं आणि तांबं यांचीच जोडी घेऊ. दोघांची जाळी एकाच घडणीची, पृष्ठकेंद्री घन. तांब्याच्या पेशीची बाजू ३.६१५ अँगस्ट्रॉम, सोन्याची ४.०७८. निम्मे-निम्मे अणू असलेल्या मिश्रधातूची बाजू रेषेप्रमाणे ३.८४७ यायला हवी. असा मिश्रधातू तापवून, एकजीव करून, झटकन पाण्यात बुडवून थंड केला आणि मोजला, तर ती सुमारे ३.८७२ येते. रेषेच्या वर ०.०२५ अँगस्ट्रॉम. तांब्याच्या नेहमीच्या क्ष-किरण नळीवर याचा अर्थ असा, की (१११) हे सगळ्यात उंच शिखर ४०.५८ अंशांवर दिसायच्या ऐवजी ४०.३१ अंशांवर दिसतं. पाव अंशाचा हा फरक नुसत्या डोळ्यांनीही आलेखावर दिसतो. आता समजा, कोणी आडव्या अक्षावर वजनी टक्के घेतले आणि हा बिंदू पंचाहत्तरवर टाकला. तिथे रेषा ३.९६२ दाखवते. तोच स्फटिक, तीच मोजणी, आणि विचलन एकदम उणे ०.०९ होतं. आकार तर बदललाच, चिन्हही उलटलं. म्हणून पहिली वजाबाकी आडव्या अक्षावरची.

दुसरी वजाबाकी यंत्राची. भुकटी साच्यात भरून वरून काचेने सपाट करतात, आणि तो पृष्ठभाग गोनिओमीटरच्या अक्षावर नेमका बसला आहे असं धरून कोन मोजले जातात. भुकटी दशांश मिलिमीटर खोल बसली तर दोनशे मिलिमीटर त्रिज्येच्या यंत्रावर हे शिखर सुमारे ०.०५ अंश डावीकडे सरकतं आणि पेशी ०.००५ अँगस्ट्रॉमने मोठी भासते. दशांश मिलिमीटर म्हणजे जाडसर कागदाची जाडी. सोनं-तांब्याच्या पाव अंशापुढे ही चूक गौण वाटेल. पण सोनं आणि चांदी घ्या. सोन्याची बाजू ४.०७८६, चांदीची ४.०८६२, दोन्ही टोकांत मिळून अंतरच ०.००७६. तिथे कागदाच्या जाडीएवढी चूक पूर्ण अंतराचा पाऊण हिस्सा खाऊन टाकते, आणि 'विचलन' म्हणून जे छापलं जातं ते साचा भरणाऱ्या हाताचं माप असतं. यावर उपाय जुने आणि साधे आहेत. भुकटीत चिमूटभर सिलिकॉन मिसळायचं, त्याची शिखरं कुठे असायला हवीत हे पक्कं माहीत असल्यामुळे सरकलेला कोन तिथेच पकडला जातो. किंवा प्रत्येक शिखरावरून बाजू वेगवेगळी काढायची आणि ती मोठ्या कोनांकडे कशी जाते ते पाहायचं, कारण ही चूक कोन वाढत जातो तशी विरत जाते. कानशीने घासून भुकटी केली असेल तर आणखी एक खूण तपासावी: (१११) वरून काढलेली बाजू आणि (२००) वरून काढलेली बाजू जुळत नसतील तर घासताना थर सरकले आहेत, आणि ती भुकटी तापवून सैल केल्याशिवाय मोजण्यात अर्थ नाही. एकाच शिखरावरून काढलेल्या बाजूवर विसंबून विचलनाची चर्चा करणारा लेख मी गंभीरपणे घेऊ शकत नाही.

तिसरी वजाबाकी भूमितीची, आणि ती सगळ्यात जास्त विसरली जाते. अणू मिसळताना लांबी मिसळावी असं कोणी ठरवलं? तितक्याच सहजपणे म्हणता येईल की आकारमान मिसळावं. तांब्याच्या पेशीचं घनफळ ४७.२४ घन अँगस्ट्रॉम, सोन्याचं ६७.८२; सरासरी ५७.५३, आणि त्याचं घनमूळ ३.८६०. म्हणजे अणूंनी एकमेकांवर काहीच परिणाम केला नाही, प्रत्येकाने आपापली जागा घेतली, तरी बाजू वेगार्डच्या रेषेच्या वर ०.०१३ ने येते. मोजलेल्या ०.०२५ पैकी निम्मं विचलन इथेच संपलं! ते रसायनशास्त्राने आणलेलं नव्हतं, घनमुळाने आणलेलं होतं. १९५६ मध्ये झेन यांनी खनिजांच्या संदर्भात ही गोष्ट स्पष्ट मांडली होती, तरीही आजही प्रत्येक वर झुकलेल्या वक्ररेषेत लोक अणूंच्या स्वभावाची कारणं शोधतात. यावर आक्षेप येतो, की मग वेगार्डची रेषा सोडूनच द्या आणि थेट घनफळाची रेषा आखा. माझी त्याला हरकत नाही. मात्र दोन्ही टोकांच्या आकारांत एक-दोन टक्क्यांचाच फरक असेल तर दोन रेषांमधलं अंतर मोजणीच्या चुकीत बुडून जातं आणि कोणतीही आखली तरी चालते. सोनं-तांब्यात हा फरक बारा टक्क्यांच्या वर आहे, म्हणून तिथे निवड महत्त्वाची ठरते.

आता उरलं ०.०१२. हे खरोखरच अणूंचं आहे, आणि इथे ठरलेलं उत्तर तयार असतं: रेषेच्या वर गेलं तर अणूंना एकमेकांचा सहवास आवडत नाही, खाली गेलं तर ते एकमेकांना ओढून घेतात. ऐकायला पटणारं, आणि याच जोडीने खोटं ठरवलेलं. सोनं आणि तांबं मिसळताना उष्णता बाहेर पडते. थंड होताना ते अणू विखुरलेले राहायलाही तयार नसतात; सोन्याच्या शेजारी तांबं आणि तांब्याच्या शेजारी सोनं अशी शिस्तबद्ध रांग लावतात. याहून स्पष्ट ओढ कोणती असू शकेल? आणि तरीही विचलन धन आहे. तेव्हा चिन्हावरून आवड-नावड वाचण्याची सवय सोडायला हवी.

मग हे ०.०१२ कुठून येतं? याचं चांगलं उत्तर लवचिकतेत मिळतं. मोठा अणू लहान अणूंच्या घोळक्यात अडकला की दोघांनाही थोडं थोडं वाकावं लागतं: मोठा दबतो, भोवतालचे ताणले जातात. कोण किती वाकणार हे कोण किती ताठ आहे यावर ठरतं. इथे सोन्याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. सोनं नरम आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण ती नरमाई वाकवण्याची, ठोकून पत्रा करण्याची. सर्व बाजूंनी सारखा दाब देऊन त्याचं आकारमान कमी करायचं म्हटलं तर सोनं तांब्याहून बरंच ताठ आहे. म्हणून दोघांच्या ओढाताणीत मोठा अणू आपला आकार जास्त राखतो आणि पेशी सरासरीहून मोठी राहते. फ्रीडेल यांनी १९५५ मध्ये हाच विचार मांडला. तो सिलिकॉन-जर्मेनियमवर तपासून पाहता येतो. तिथे लहान अणू सिलिकॉनचा आणि ताठही तोच. म्हणून पेशी रेषेखाली जायला हवी. ती जातेही: निम्म्या प्रमाणात रेषा ५.५४४ सांगते आणि मोजणी ५.५३८ च्या आसपास येते. घनमूळ पेशीला वर ढकलत असतानाही ती खाली गेली आहे, हे लक्षात घेतलं तर पुरावा आणखी भक्कम वाटतो.

पण सोनं-चांदीपुढे ही लवचिकताही थांबते. तिथे दोघांचे आकार जवळजवळ सारखे, म्हणजे कोणी दबायचं नाही, कोणी ताणायचं नाही, घनमुळाचाही प्रश्न नाही. विचलन शून्य हवं. प्रत्यक्षात पेशी आकसते, आणि सोन्याचा अंश जास्त असलेल्या मिश्रणांत ती शुद्ध सोन्याहूनही किंचित लहान होते. दोन्ही टोकांहून लहान! इथे मात्र दुसरा काही मार्ग उरत नाही. सोनं इलेक्ट्रॉनांना चांदीपेक्षा जास्त ओढतं, मिश्रणात त्यांची फेरवाटणी होते आणि अणू जवळ येतात, हेच मान्य करावं लागतं. हा निष्कर्ष मला पटतो, कारण तो आधीची सगळी कारणं बाद झाल्यावर आला आहे. हेच वाक्य सोनं-तांब्याच्या मूळ ०.०२५ वर कोणी चिकटवलं असतं तर ते पटलं नसतं.

सोनं-तांब्याची गोष्ट इथे संपत नाही, कारण त्या रांग लावण्याच्या सवयीमुळे एकाच मिश्रणाला दोन पेशी असतात. निम्मे-निम्मे मिश्रण सावकाश थंड केलं तर साधारण ४१० अंश सेल्सियसखाली अणू शिस्त धरू लागतात, आणि ३८५ अंशांखाली सोन्याचा एक थर, तांब्याचा एक थर अशी घडण पक्की होते. पेशी घन राहत नाही. एका दिशेने चेपली जाते. दोन बाजू सुमारे ३.९६, तिसरी ३.६७. आलेखावर हे लपत नाही. ४६.९ अंशांच्या आसपासचं (२००) शिखर फुटून ४५.८ आणि ४९.६ अंशांवर दोन शिखरं होतात, आणि २४.२ अंशांवर, जिथे साध्या पृष्ठकेंद्री जाळीचं एकही शिखर असू शकत नाही, तिथे एक नवीन शिखर उगवतं. आता त्या चेपलेल्या पेशीचं घनफळ काढा: सुमारे ५७.५५. आकारमानांच्या सरासरीला, ५७.५३ ला, जवळजवळ चिकटून. त्याच घनफळाचा घन कल्पिला तर बाजू ३.८६१ येते. विखुरलेल्या अवस्थेत अणूंना जी जास्तीची जागा लागत होती ती शिस्त लागताच परत मिळाली. लाल सोनं तापवल्यावर कारागीर ते लालभडक असतानाच पाण्यात बुडवतात, कारण सावकाश निवू दिलं तर ते कडक होऊन ठोकताना तडकतं. त्या कडकपणाच्या मुळाशी हीच चेपलेली पेशी आहे. प्रयोगशाळेत मात्र तीच भुकटी भट्टीत रात्रभर सावकाश निवू दिली जाते. मग शिस्त अर्धवट लागते, नवी शिखरं फुगीर आणि बुटकी राहतात, संगणकाला घन पेशी गृहीत धरून आकडा काढायला सांगितलं की तो काढतोही, आणि विचलन कमी झालेलं दिसतं. नमुना आदर्श झाला असा त्याचा अर्थ लावणं म्हणजे नेमकं उलटं वाचणं.

इथपर्यंत विचलन म्हणजे रेषेपासूनचं वाकणं असंच धरलं. पण कधीकधी रेषा वाकत नाही, तुटते. चांदीत तांबं घालत गेलं तर चांदीची पेशी आधी लहान होत जाते आणि मग एका प्रमाणानंतर आडवी पडते. कितीही तांबं वाढवा, आकडा हलत नाही. चांदी आपल्यात जास्तीत जास्त साधारण चौदा अणुटक्के तांबं सामावून घेते, तेही ७८० अंश सेल्सियसच्या जवळ. त्यापुढचं तांबं वेगळा स्फटिक होऊन बाहेर राहतं. हे पठार म्हणजे विद्राव्यतेची मर्यादा, आणि दोन रेषा जिथे मिळतात त्या कोपऱ्यावरून ती अचूक वाचता येते. तांब्याची स्वतंत्र शिखरं दिसण्याची वाट पाहत बसलं तर उशीर होतो, कारण थोडं तांबं आलेखाच्या पार्श्वभूमीत सहज हरवून जातं. मात्र कोपरा धारदार हवा. तो गोलसर आला तर मिश्रण एकजीव होण्याआधीच भट्टीतून काढलं गेलं आहे. ही मर्यादा समतोलाची आहे, जाळीत जागा नसल्याची नाही, हे १९६० मध्ये डुवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं: वितळलेल्या थेंबाला इतक्या झपाट्याने गोठवलं की चांदी-तांब्याला वेगळं व्हायला सवडच मिळाली नाही, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड घन द्रावण मिळालं. पठार नाहीसं झालं.

एक आक्षेप राहतो, आणि तो सगळ्यात मूलभूत आहे. बिंदू रेषेवर नेमके बसले तर सगळे अणू सरासरी आकार घेऊन गुण्यागोविंदाने राहतात असं म्हणता येईल का? नाही. विवर्तनाचं शिखर अब्जावधी पेशींची सरासरी सांगतं. १९८२ मध्ये मिकल्सन आणि बॉइस यांनी इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडमध्ये प्रत्येक अणूच्या निकटच्या शेजाऱ्यांचं अंतर क्ष-किरण शोषणावरून वेगळं मोजलं. पेशी वेगार्डच्या रेषेवर अगदी व्यवस्थित चालत होती. पण गॅलियम-आर्सेनिक बंध आपल्या मूळ लांबीच्या, २.४५ अँगस्ट्रॉमच्या जवळ राहिला होता आणि इंडियम-आर्सेनिक बंध २.६२ च्या जवळ. मधला एकही बंध सरासरीएवढा नव्हता. सरासरी सरळ रेषेत चालते याचा अर्थ तिच्यामागे सगळं सरळ आहे असा होत नाही. विचलन दिसलं तर शंका घ्यावी हे सगळे मानतात. विचलन न दिसल्यावरही तितकीच शंका शिल्लक असते, हे मानायला आपण कचरतो.

म्हणूनच एका प्रथेविरुद्ध स्पष्ट लिहायला हवं. नमुन्यात प्रत्यक्ष किती काय आहे हे न मोजता शिखर किती सरकलं यावरून वेगार्डच्या रेषेने प्रमाण काढायचं, आणि मग ते प्रमाण व ती बाजू एकाच आलेखावर मांडून 'नमुना वेगार्डचा नियम पाळतो' असं लिहायचं. तो पाळणारच, त्याला पाळायलाच लावलं आहे. सोनं-चांदीत तर हे अशक्यच आहे, कारण पेशी आधी आकसून मग वाढते आणि एकाच बाजूला दोन प्रमाणं लागू पडतात. प्रमाण रासायनिक पृथक्करणाने मोजा, निदान सूक्ष्मदर्शकाखाली क्ष-किरण पृथक्करणाने मोजा, आणि ते अणुटक्क्यांत लिहा. तक्त्यात आणखी एक रकाना वाढवा: नमुना किती तापमानावरून, किती वेगाने थंड केला. त्या रकान्याशिवाय निम्म्या-निम्म्या सोनं-तांब्यासाठी ३.८७२ बरोबर की ३.८६१, हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. दोन्ही आकडे बरोबर आहेत.